दहावीच्या डेमो लेक्चरचं बोलावणं कसं पाठवायचं: वेळा कशा निवडायच्या, काय आणायला सांगायचं, पूर्ण मेसेजसकट

इन्क्वायरीचा फोन येतो, पालक विचारतात "सर, आधी एखादा दिवस बसून बघता येईल का", आणि आपण लगेच म्हणतो "हो हो, पाठवा की कधीही". ह्या "कधीही"मुळेच निम्मे डेमो होत नाहीत, कारण पालकाला नेमकं कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाकडे पाठवायचं ते कळत नाही, आणि विचारायला परत फोन करायचा तर त्यांना संकोच वाटतो. आलंच मूल तर भलत्याच तासाला येतं, धड्याच्या मधोमध येऊन बसतं, दीड तास मान खाली घालून फळ्यावरचं उतरवून घेतं आणि घरी जाऊन सांगतं "काही कळलं नाही". त्यात शिकवणाऱ्याचाही दोष नसतो आणि मुलाचाही नसतो, बोलावणंच नीट गेलेलं नसतं.

हा लेख घरगुती किंवा छोट्या क्लासवाल्यांसाठी आहे, म्हणजे आठवी ते दहावी स्टेट बोर्ड, गणित-विज्ञान, एका बॅचला वीस-पंचवीस मुलं, आणि इन्क्वायरी घेणारे, शिकवणारे, फी लिहून घेणारे आपण एकटेच किंवा फार तर घरातलं अजून एक माणूस. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो, दहावीच्या गणिताचं, म्हणजे सगळं एका धाग्यात राहील.

आधी फोनवर काय विचारून घ्यायचं

मेसेज चांगला व्हायचा असेल तर त्याच्या आधीचा फोन चांगला व्हायला लागतो. बरेच जण फोनवर आपल्याच क्लासची माहिती सांगत बसतात, बॅच किती वर्षांपासून आहे, निकाल कसा लागला वगैरे. ते नंतर सांगता येतं. आधी चार गोष्टी विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

पहिली, माध्यम. मराठी, सेमी की फुल इंग्लिश. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. सेमीच्या मुलांचं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, बाकीचे विषय मराठीतून, त्यामुळे पालक फोनवर नुसतं "मराठी शाळेत आहे" असं सांगतात आणि आपण समजतो की मराठी माध्यम. मग ते मूल मराठीच्या बॅचला बसतं आणि त्याच्या कानावर सहगुणक, चल, निश्चयक पडत राहतात. त्याला कोइफिशंट, व्हेरिएबल, डिटर्मिनंट माहीत असतं, म्हणजे गणित येत असतं पण शब्द ओळखीचे नसतात. म्हणून "कुठल्या माध्यमात" असं न विचारता "गणिताचं पुस्तक मराठीत आहे की इंग्रजीत" असं विचारा, उत्तरात घोटाळा होत नाही.

दुसरी, शाळेची वेळ, आणि शनिवारची वेळ वेगळी विचारायची. आपल्याकडे बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात, सकाळची साधारण सात ते साडेबारा, दुपारची साडेबारा ते सहाच्या आसपास. पण शनिवारी दुपारच्या सत्रातल्या मुलांची शाळाही खूप ठिकाणी सकाळीच असते. हे लक्षात न घेता दुपारच्या शाळेच्या मुलीला "शनिवारी सकाळी ये" म्हटलं तर ती येऊच शकत नाही, आणि पालक "बघतो" म्हणून विषय सोडून देतात.

तिसरी, मूल कसं येणार. चालत, सायकलने, कुणी सोडायला येणार की रिक्षाने. जूनमध्ये पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबरात लवकर अंधार, त्यामुळे संध्याकाळचा तास आठला सुटणार असेल आणि मुलगी तीन किलोमीटरवरून सायकलने येणार असेल तर ती वेळ तिला देऊच नका, घरचे कितीही "चालेल" म्हणाले तरी. चालेल म्हणतात आणि त्या दिवशी पाऊस आला की रद्द करतात.

चौथी, गणितात नेमकं कुठे अडतं. इथे पालक बहुतेक वेळा "बेसिक कच्चं आहे" एवढंच सांगतात. त्यावर एकच प्रश्न अजून विचारायचा, मागच्या परीक्षेत बीजगणितात कमी पडले की भूमितीत. एवढ्यावर आपल्याला कुठल्या तासाला बोलवायचं ते ठरवता येतं.

नंबर कुणाचा घेतला तेही नीट बघा. दहावीचं मूल अल्पवयीन आहे, मेसेज पालकांच्या नंबरवरच जायला पाहिजे. मुलाच्या नंबरवर थेट डेमोच्या वेळा पाठवणं, त्याला ग्रुपमध्ये ॲड करणं हे मला पटत नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असंच म्हटलंय.

वेळ निवडायच्या आधी धडा निवडा

इथे थोडं थांबून सांगतो कारण माझ्या मते सगळं बोलावणं ह्याच्यावर उभं आहे. आपण वेळा देताना बॅचमध्ये जागा कधी आहे ते बघतो. खरं तर त्या वेळेला फळ्यावर काय चाललेलं असणार आहे ते आधी बघायला पाहिजे.

दहावीच्या गणित भाग १ चं उदाहरण घ्या. पहिला धडा दोन चलांतील रेषीय समीकरणे. त्यात मधे निश्चयकांची क्रेमरची पद्धत येते. ज्या मुलाने निश्चयक म्हणजे काय तेच अजून पाहिलेलं नाही त्याला क्रेमरच्या तासाला बसवलं तर तो दोन उभ्या रेघांमधले चार आकडे बघून गांगरतो, आणि आपल्या बॅचची मुलं फटाफट उत्तरं देत असतात त्यामुळे त्याला अजूनच मागे पडल्यासारखं वाटतं. त्याच पुस्तकात अंकगणिती श्रेढीचा पहिला तास मात्र डेमोला एकदम योग्य. आकड्यांची एक रांग द्यायची, पुढचा आकडा कुठला विचारायचं, प्रत्येक वेळी किती वाढतंय ते काढायचं. बेरीज-वजाबाकी येणारं कुठलंही मूल पहिल्या दहा मिनिटांत हात वर करू शकतं, आणि तास संपेपर्यंत काहीतरी खरंखुरं नवीन शिकलेलं असतं. पण त्याच धड्यातला n पदांच्या बेरजेच्या सूत्राचा तास नको, तिथे आधीचं सगळं लागतं.

भूमितीतही तसंच. समरूपतेच्या धड्याची सुरुवात दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने होते, त्याला अर्धा गुणिले पाया गुणिले उंची एवढं येत असलं की पुरतं. पायथागोरसच्या धड्यात पहिला भाग त्रिकुटांचा, ३, ४, ५ वगैरे, नुसते वर्ग काढायचे. दोन्ही चांगले. पण भूमितीमध्याचं प्रमेय चालू असताना नको, तिथे काटकोन त्रिकोणांची समरूपता माहीत असायला लागते आणि आकृतीत एकात एक तीन त्रिकोण बघायचे असतात, नवीन मुलाला ते दिसतच नाहीत.

म्हणून करायचं काय, तर महिन्याचं वेळापत्रक लिहिताना जे तास नवीन धड्याचे पहिले किंवा स्वतंत्र विषयाचे आहेत त्यांच्यावर पेन्सिलने खूण करून ठेवायची. महिन्यात असे पाच-सहा निघतात. डेमोच्या वेळा फक्त त्यातूनच द्यायच्या. टेस्टचा दिवस, पेपर सोडवून घेण्याचा दिवस, शंकांचा तास हे तिन्ही बाद. शंकांच्या तासाला बोलावलं की पालकांना वाटतं इथे फक्त अडलेलं सांगतात, शिकवत नाहीत.

काही जण म्हणतात डेमोसाठी खास वेगळं लेक्चर ठेवा, गमतीजमती, ट्रिक्स, शॉर्टकट. मी ह्याच्या विरोधात आहे. मुलाला रोज जो तास मिळणार आहे तोच दिसायला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात ते मूल विचारतं की सर त्या दिवशीसारखं का नाही शिकवत.

तीन वेळा द्या, एकही नको आणि सातही नकोत

एकच वेळ दिली तर जमलं नाही की विषय संपतो. सात दिल्या तर पालक "घरी विचारून सांगते" म्हणतात आणि ते राहून जातं. तीन पुरे. तीनही एकाच आठवड्यातल्या, कारण आठ दिवसांच्या पुढची वेळ कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यातल्या दोन मुलाला नेहमीसाठी जी बॅच मिळणार आहे तिच्यातल्याच असाव्यात, म्हणजे तीच मुलं, तोच तास. तिसरी अशी की ज्या वेळी आई किंवा वडील स्वतः सोबत येऊ शकतील, बहुतेक वेळा शनिवार संध्याकाळ किंवा रविवार सकाळ.

एका तासाला दोनपेक्षा जास्त नवीन मुलं बसवू नका. तीन-चार झाली की आपलं लक्ष त्यांच्याकडेच जातं, जुन्या मुलांचा तास वाया जातो, आणि नवीन मुलाला खरा वर्ग दिसतच नाही. म्हणून वहीत प्रत्येक डेमो तासासमोर दोनच रेघा आखून ठेवा, दोन नावं आली की ती वेळ पुढच्या कुणाला द्यायची नाही. ह्याचा एक फायदा असा की "जागा मर्यादित" असं लिहायची गरज पडत नाही, खरोखरच मर्यादित असते आणि तुम्ही तेवढं साधेपणाने सांगू शकता.

आता उदाहरण. समजा शनिवारी २१ जूनला संध्याकाळी एका आईचा फोन आला. मुलगी दहावीला, नाव सई धरू. सेमी. शाळा दुपारची, १२:२० ते ५:४५, शनिवारी सकाळची. आई नोकरी करते, शनिवारी दुपारपर्यंत सुट्टी होते. सई सायकलने येणार, अंतर दोन-अडीच किलोमीटर. नववीत बीजगणित बरं, भूमितीत कमी.

आपल्याकडे सेमीच्या दोन बॅच आहेत, सकाळी ८ ते ९:३० आणि संध्याकाळची. शाळा दुपारची म्हणजे सईची कायमची बॅच सकाळचीच असणार. वेळापत्रकात खूण केलेले तास बघितले तर मंगळवारी २४ ला सकाळी श्रेढीचा पहिला तास आहे, गुरुवारी २६ ला पायथागोरसची त्रिकुटं सुरू होतायत, आणि संध्याकाळच्या बॅचला श्रेढीचा तोच पहिला तास शनिवारी २८ ला ५ ते ६:३० आहे, जूनमध्ये साडेसहाला चांगला उजेड असतो. ह्याच तीन. बुधवारी पण सकाळी जागा आहे, पण त्या दिवशी सराव चाचणी आहे म्हणून ती द्यायची नाही. तिला भूमितीत अडतं म्हणून गुरुवारची वेळ मला तिच्यासाठी सगळ्यात चांगली वाटते आणि ते मी मेसेजमध्ये सरळ लिहीन, निवड मात्र त्यांच्यावर सोडीन.

काय आणायचं, आणि काय नाही आणायचं

आणायच्या वस्तूंची यादी छोटी पाहिजे आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूचा त्या दिवशी वापर झाला पाहिजे. आणायला सांगितलं आणि उघडलंच नाही असं झालं की मूल घरी जाऊन नेमकं तेच सांगतं.

एक वही, नवीन कोरी नको, रफ चालेल, पण सुट्टे कागद नकोत कारण ते हरवतात आणि घरी दाखवायला काही राहत नाही. आई संध्याकाळी वही उघडून बघते, आपण काय शिकवलं ते तिला वहीतूनच कळतं. पेन, पेन्सिल, खोडरबर. त्या दिवशी जो भाग चालू आहे तेवढंच पाठ्यपुस्तक, भाग १ किंवा भाग २, दोन्ही नकोत. भूमितीचा तास असेल तर कंपासपेटी, बीजगणिताचा असेल तर यादीतून कंपासपेटी काढून टाका. पाण्याची बाटली. पावसाळ्यात रेनकोट किंवा छत्री, आणि वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा असं एक वाक्य.

आणि एक गोष्ट जी बरेच क्लासवाले मागत नाहीत पण मागावी असं मला मनापासून वाटतं, मागच्या एखाद्या परीक्षेची गणिताची उत्तरपत्रिका. वार्षिकचे पेपर शाळा बहुतेक घरी देत नाहीत, त्यामुळे घटक चाचणीची असेल तर ती, तीही नसेल तर नववीची गणिताची वही. मार्क बघायला नाही मागायची, चुका कुठल्या प्रकारच्या आहेत ते बघायला. चिन्हाची चूक करणारं मूल, उदाहरण अर्धवट सोडणारं मूल आणि प्रश्नच न समजलेलं मूल ह्या तिघांना मार्क सारखेच पडलेले असू शकतात, पण तिघांचा इलाज वेगळा. पाच मिनिटं पेपर चाळला की पालकांशी बोलताना आपल्याकडे काहीतरी ठोस असतं. मेसेजमध्ये मात्र "मार्क कितीही असू देत" हे शब्द घाला, नाहीतर मूल पेपर विसरल्याचं सांगतं.

आता काय मागायचं नाही ते. आधार कार्ड, फोटो, मार्कशीटची झेरॉक्स, ॲडव्हान्स, ह्यातलं काहीही डेमोच्या मेसेजमध्ये नको. हे वाचलं की पालकांना वाटतं डेमो नावाला आहे, ॲडमिशन धरूनच चालले आहेत. ते सगळं प्रवेश घेताना बघता येतं. मोबाईल आणायचा नाही हे लिहा, पण त्याच्याच पुढे लिहा की पोचली आणि निघाली की आम्ही कळवतो, कारण मोबाईल नको म्हटलं की पालकांची पहिली काळजी तीच असते.

पूर्ण मेसेज

फोन झाला की त्याच दिवशी पाठवा, शक्यतो तासा-दोन तासांत, आठवणीत असेपर्यंत. उशीर झाला आणि रात्रीचे साडेनऊ वाजून गेले तर मग सकाळी. व्हॉट्सॲपवर मोठा मेसेज कापला जातो आणि खाली रीड मोअर येतं, बरेच जण ते दाबत नाहीत, म्हणून वेळा अगदी वर ठेवायच्या, क्लासची ओळख वर नको. सईच्या आईला मी असा पाठवीन:

> नमस्कार ताई, सईच्या दहावीच्या गणिताबद्दल मघाशी आपलं बोलणं झालं. तिला डेमोसाठी ह्या तीन वेळा ठेवल्यात, तिन्ही सेमीच्याच बॅचला आहेत:
>
> १) मंगळवार २४ जून, सकाळी ८ ते ९:३०. बीजगणित, अंकगणिती श्रेढी, धडा त्याच दिवशी सुरू होतोय
> २) गुरुवार २६ जून, सकाळी ८ ते ९:३०. भूमिती, पायथागोरसचा धडा, पहिला तास
> ३) शनिवार २८ जून, संध्याकाळी ५ ते ६:३०. अंकगणिती श्रेढी, पहिला तास. ही संध्याकाळची बॅच आहे, मुलं वेगळी असतील, शिकवणार मीच
>
> भूमितीत अडतं म्हणालात म्हणून २ नंबर तिला जास्त उपयोगी पडेल असं वाटतं, पण जमेल तो सांगा. उद्या रविवारी रात्री ९ पर्यंत नुसता नंबर पाठवलात तरी चालेल, तोपर्यंत तिची जागा तिन्हीकडे धरून ठेवतो.
>
> सोबत: रफ वही, पेन-पेन्सिल, त्या भागाचं पुस्तक (१ आणि ३ ला भाग १, २ ला भाग २ आणि कंपासपेटी), पाण्याची बाटली. गणिताची कुठलीही जुनी उत्तरपत्रिका असेल तर द्या, मार्क कितीही असू देत, चुका कुठे होतात ते बघायचंय. मोबाईल नको, ती पोचली आणि निघाली की तुम्हाला मेसेज करतो.
>
> डेमोची फी नाही. वर्षाची फी आणि हप्ते ह्याच मेसेजच्या खाली पाठवतोय, आधीच माहीत असलेलं बरं.
>
> पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी आली तर जागा दाखवता येईल. तास सुटल्यावर तुम्ही किंवा घरचं कुणी आलात तर दहा मिनिटं बोलू, नाही जमलं तर त्याच दिवशी रात्री ८ ला मी फोन करतो.

ह्याच्या खाली दोन वेगळे मेसेज: एक लोकेशन पिन आणि त्यासोबत ओळीभर खूण, म्हणजे "मारुती मंदिराच्या समोरची गल्ली, डावीकडे दुसरी इमारत, पहिला मजला, सायकल आत लावायला जागा आहे". पिन एकट्यावर भरवसा ठेवू नका, गल्ल्यांमध्ये ती मागच्या रस्त्याला नेऊन सोडते. दुसरा मेसेज फीचा, आकडा स्पष्ट लिहून. फीबद्दल बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की आधी येऊ द्या, आवडू द्या, मग सांगू. मला ते पालकांवर अन्याय केल्यासारखं वाटतं. मुलीला क्लास आवडला आणि मग फी झेपणार नाही असं कळलं तर घरात मुलीला नाही म्हणायची वेळ आईवर येते. आकडा आधी माहीत असेल तर आलेलं प्रत्येक मूल खरोखर येऊ शकणारं असतं.

मेसेजमध्ये काय लिहायचं नाही हेही सांगतो. "९०+ ची गॅरंटी", "१००% निकाल" असले शब्द नकोत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी सूचना काढल्यात, त्यात मार्कांची किंवा सिलेक्शनची हमी द्यायला मनाई आहे, आणि विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचा तर निकाल लागल्यानंतर त्याची लेखी परवानगी लागते. त्या सूचना पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या क्लासेसना लागू होतात, पण आपला क्लास वीस मुलांचा असला तरी डेमोच्या मेसेजला मागच्या वर्षीच्या टॉपरचा फोटो चिकटवायची काहीच गरज नसते.

दर वेळी सगळं नव्याने टाइप करायला नको म्हणून व्हॉट्सॲप बिझनेसमधे क्विक रिप्लाय करून ठेवता येतो, `/demo` असं टाइप केलं की साचा समोर येतो. पण साच्यात वेळा, धडे आणि नाव ह्यांच्या जागा रिकाम्या ठेवा, म्हणजे दर वेळी भरावंच लागेल. मागच्या आठवड्याच्या तारखा तशाच गेल्या तर पालकांच्या ते लगेच लक्षात येतं.

उत्तर आल्यावर

सईच्या आईचा रविवारी दुपारी मेसेज आला, "२ चालेल सर, मी सोडायला येईन पण थांबता येणार नाही ऑफिस आहे". लगेच एका ओळीत पक्कं करा, पूर्ण वार-तारीख-वेळ परत लिहून: "ठीक आहे ताई, गुरुवार २६ जून सकाळी ८, भूमिती. पुस्तक भाग २ आणि कंपास. संध्याकाळी ८ ला फोन करतो." नुसता अंगठा दाखवू नका, पालकांना परत वर जाऊन शोधावं लागतं. आणि बाकीच्या दोन वेळांमधली तिच्या नावाची रेघ त्याच क्षणी खोडा, नाहीतर ती जागा रिकामीच राहते आणि दुसऱ्या कुणाला उगाच नाही म्हटलं जातं.

आठवण एकदाच करायची. सकाळचा तास असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सात-साडेसातला, म्हणजे दप्तर भरताना कंपासपेटी टाकली जाते. संध्याकाळचा तास असेल तर त्याच दिवशी दुपारी. आठवणीत पाऊस लिहा: "सकाळी खूप पाऊस असेल तर येऊ नका, मला सात वाजेपर्यंत कळवा, दुसरी वेळ देतो." मग पावसात न येणारं मूल गायब होत नाही, दुसऱ्या वेळेला येतं.

रविवारी रात्री नऊपर्यंत उत्तरच आलं नाही तर? सोमवारी सकाळी एक मेसेज, "ताई, मंगळवारची जागा आता सोडतोय, गुरुवार-शनिवारच्या अजून आहेत, सवडीने सांगा." त्यानंतर गप्प बसायचं. दोन-तीनदा विचारलं की पालक नंबर उचलायचं बंद करतात, मग खरोखर यायचं असलं तरी अवघडून येत नाहीत.

त्या दिवशी

बोलावण्यात जे लिहिलं ते सगळं होतंय ना एवढंच बघायचं. सई पोहोचली की आईला "पोचली" एवढा एक शब्द. तिला पहिल्या बाकावर बसवू नका, तिथे सगळ्यांच्या नजरा येतात, आणि शेवटच्या बाकावरही नको. दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर, शक्यतो तिच्याच शाळेच्या किंवा शांत मुलीशेजारी. "ही नवीन आहे, आज बघायला आलीय" असं सगळ्यांसमोर सांगायचं नाही, नाव सांगितलं की पुरे. पहिला प्रश्न तिला एकटीला विचारू नका, सगळ्यांना वहीत करायला द्या आणि फिरताना तिच्या वहीत डोकवा. ६, ८ आणि १० हे पायथागोरसचं त्रिकूट आहे का, असं उदाहरण दिलंत आणि तिने ३६ अधिक ६४ बरोबर १०० लिहिलं, की तिथेच हळू आवाजात "बरोबर" म्हणा, तेवढं तिला पुरतं.

पालक सोबत आलेच तर त्यांना वर्गात बसवू नये असं माझं मत आहे. आई मागे बसली की मूल दर मिनिटाला मागे बघतं आणि आपणही आईला दिसावं म्हणून शिकवायला लागतो. बाहेर खुर्ची, पाणी, आणि चालू असलेल्या धड्याची एखादी वही चाळायला द्या. ज्यांना बसून बघायचाच आग्रह असेल त्यांना शेवटची दहा मिनिटं दारापाशी उभं राहू द्यायला हरकत नाही.

तास सुटल्यावर उत्तरपत्रिका चाळा, तिच्यादेखत, आणि तिला विचारा की हे उदाहरण का सोडलं होतं. मग रात्री आठला फोन, सांगितलेल्या वेळेला. फोनवर तीनच गोष्टी: आज तिने वर्गात काय केलं, पेपरात कुठल्या चुका दिसल्या, आणि आपल्याकडे त्यासाठी काय होईल, काय होणार नाही. सईच्या पेपरात समजा आकृत्या बरोबर होत्या पण सिद्धतेत कारणं लिहिलेली नव्हती, तर तेच सांगायचं, की तिला भूमिती कळते, लिहिण्याची सवय नाही, रोज एक सिद्धता लिहून घेतली तर सुधारेल. आणि जर दिसलं की तिला सातवी-आठवीचे अपूर्णांकच येत नाहीत आणि आपली बॅच वेगाने पुढे जाते, तर तेही सांगा, की ह्या बॅचमध्ये तिची फरफट होईल, आधी महिनाभर एकटीला बसवून अपूर्णांक करून घेणारं कुणी बघा.

उत्तरासाठी त्यांना रविवारपर्यंतचा वेळ द्या आणि "नाही" म्हणायलाही जागा ठेवा, "नाही ठरलं तरी एक ओळ पाठवा, म्हणजे जागा दुसऱ्याला देता येईल". असं लिहिलं की नाही म्हणणारेही कळवतात, आणि कारण सांगतात. ती कारणं त्याच वहीत, त्या डेमोच्या ओळीसमोर लिहून ठेवा. वेळ जमत नाही, लांब पडतं, वेग जास्त वाटला, फी. चार-सहा महिन्यांनी ती पानं उलटून बघितली आणि "वेळ जमत नाही" सारखं सारखं दिसलं तर बॅचच्या वेळेचा विचार करा, "वेग जास्त" दिसलं तर आपण डेमोला कुठले तास देतोय ते परत तपासा, बहुतेक वेळा पेन्सिलची खूण भलत्या तासावर पडलेली असते.